पहिल्या पेपरात ८६, दुसऱ्यात ७५: सरासरीकडे परतणारे गुण आणि त्यांचा हिशेब

समजा, वर्गात ६० मुलं आहेत. १०० गुणांची एक सराव परीक्षा झाली आणि महिन्याभराने त्याच धाटणीची दुसरी. दोन्ही वेळा वर्गाची सरासरी ५६. पहिल्या परीक्षेत वरच्या दहा जणांची सरासरी ७८ च्या पुढे होती, दुसरीत त्याच दहा जणांची ७० वर आली. तळाच्या दहा जणांची सरासरी ३३-३४ होती, ती ४१-४२ वर गेली. निष्कर्ष लगेच निघतात. वरच्यांच्या डोक्यात हवा गेली, खालच्यांना खडे बोल लागू पडले, जादा तासांचा उपयोग झाला. घरी कुणी तरी नजर लागली असंही म्हणतं.

यातलं काही खरं असूही शकतं. पण कुणी हुरळलं नाही, कुणाला कुणी बोललं नाही, एकही जादा तास झाला नाही, तरी हेच आकडे आले असते. याला सरासरीकडे परतणं म्हणतात, इंग्रजी नाव रिग्रेशन टू द मीन. हे परतणं किती गुणांचं असेल, ते आधीच काढता येतं. ते वजा केल्यावर जे उरतं, तेवढ्याचंच श्रेय किंवा दोष कुणाला देता येतो. हा हिशेब सराव परीक्षेच्या गुणांवर कसा करायचा, ते इथे पाहू.

गुणांमध्ये काय काय मिसळलेलं असतं

कुठल्याही पेपरातल्या गुणांत दोन गोष्टी एकत्र आलेल्या असतात. एक म्हणजे मुलाची खरी तयारी. त्याच पातळीचे पन्नास वेगवेगळे पेपर त्याने सोडवले, तर त्या सगळ्यांची जी सरासरी येईल ती. दुसरी म्हणजे त्या एका दिवसाचा चढ-उतार. जो धडा नीट केला होता त्यावरच आठ गुणांचा प्रश्न आला, आदल्या रात्री ताप होता, पेपर तपासणाऱ्याचा हात सैल होता, दोन पर्यायांतला एक अंदाजाने निवडला आणि तो बरोबर निघाला.

एकट्या अंदाजाचा वाटा केवढा असतो ते पाहा. चार पर्यायांचे प्रश्न आहेत, चुकीला गुण कापले जात नाहीत आणि एका मुलाला २० प्रश्नांची उत्तरं अजिबात येत नाहीत. त्याने डोळे मिटून खुणा केल्या तर सरासरी ५ बरोबर येतात. पण एखाद्या दिवशी १ येईल, एखाद्या दिवशी ९. तयारी तीच, पेपरही तेवढाच कठीण, तरी सात-आठ गुणांचा फरक नुसत्या खुणांमुळे पडू शकतो.

आता आपल्या वर्गाला आकडे देऊ. खऱ्या तयारीची सरासरी ५६ आणि तिचं प्रमाण विचलन १२ धरू. ढोबळमानाने दोन तृतीयांश मुलांची खरी तयारी ४४ ते ६८ च्या दरम्यान आहे, असा याचा अर्थ. रोजच्या चढ-उताराची सरासरी शून्य आणि प्रमाण विचलन ९. दोन्हींचे वर्ग करून मिळवायचे: १४४ अधिक ८१ म्हणजे २२५. त्याचं वर्गमूळ १५, हे प्रत्यक्ष गुणांचं प्रमाण विचलन. आणि १४४ भागिले २२५ म्हणजे ०.६४, हा गुणांच्या विश्वासार्हतेचा आकडा. असे दोन समान पेपर घेतले तर त्यांच्यातला सहसंबंध, म्हणजे दोन्हींतले गुण किती सोबतीने वर-खाली होतात ते सांगणारा आकडा, तोही सुमारे ०.६४ च येईल. पुढचा सगळा हिशेब या एका आकड्यावर चालतो.

आता ८६ गुण मिळवलेल्या मुलांकडे जवळून पाहू. ८६ ला अनेक वाटांनी पोचता येतं. खरी तयारी ८६ ची आणि त्या दिवशी नशीब ना बाजूने ना विरुद्ध. किंवा तयारी ७५ ची आणि दिवस ११ गुणांनी चांगला. किंवा तयारी ९६ ची आणि दिवस १० गुणांनी वाईट. या तिन्ही वाटांवर मुलं सारखी नसतात. ५६ सरासरीच्या वर्गात ८६ ची खरी तयारी दुर्मीळ, ७५ ची त्या मानाने बरीच सापडते, ९६ ची जवळपास नसतेच. वरच्या आकड्यांनी गणित केलं, तर खऱ्या ८६ च्या प्रत्येक मुलामागे खऱ्या ७५ ची तीन मुलं त्या ८६ च्या गठ्ठ्यात येतात. वाईट दिवशीही ८६ काढणारं ९६ चं मूल मात्र त्या ७५ वाल्यांच्या साठ-पासष्टांत एखादं.

म्हणून वरच्या गठ्ठ्यात ज्यांना दिवसाने हात दिला अशांचाच भरणा असतो. दुसऱ्या पेपराला तयारी सोबत येते, तो दिवस येत नाही. मागच्या वेळी नशीब चांगलं होतं म्हणून यंदा ते उलटणार, असा समज असेल तर तो काढून टाकावा. दुसऱ्या दिवसाचं नशीब सरासरी शून्यच असतं, आणि गुण खाली यायला एवढं पुरतं.

आधी बनावट वर्गावर करून पाहा

स्वतःच्या वर्गाचे आकडे घेण्याआधी एक कृत्रिम वर्ग तयार करून पाहावा. तिथे खरी तयारी आपल्याला दिसते, प्रत्यक्षात ती कधीच दिसत नाही. गूगल शीट्स किंवा एक्सेल, दोन्हीत हे चालतं. स्तंभ A मध्ये खरी तयारी, B मध्ये पहिला पेपर, C मध्ये दुसरा. दुसऱ्या ओळीत ही तीन सूत्रं भरा आणि १००१ व्या ओळीपर्यंत खाली ओढा:

```
A2: =56+12*NORM.S.INV(RAND())
B2: =A2+9*NORM.S.INV(RAND())
C2: =A2+9*NORM.S.INV(RAND())
```

आता ज्यांना पहिल्या पेपरात ८० किंवा जास्त मिळाले, त्यांच्या तिन्ही सरासऱ्या काढा:

```
=AVERAGEIF(B2:B1001,">=80",B2:B1001)
=AVERAGEIF(B2:B1001,">=80",C2:C1001)
=AVERAGEIF(B2:B1001,">=80",A2:A1001)
```

हजारात साधारण ५५ जण या गटात येतात. त्यांची पहिल्या पेपरातली सरासरी ८६ च्या आसपास दिसेल, दुसऱ्यातली ७५ च्या. तिसरा आकडा, म्हणजे खऱ्या तयारीची सरासरी, तीही ७५ च्या आसपासच. शीटमध्ये काहीही बदललं की RAND नवे आकडे टाकतं आणि सगळं थोडं हलतं, पण हे चित्र टिकून राहतं. या मुलांची तयारी एका गुणानेही घटलेली नाही. ती दोन्ही वेळा ७५ च होती, पहिल्या वेळी ती ८६ दिसली एवढंच.

याच शीटवर आणखी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात, कारण पुढचे बरेच गोंधळ इथेच मिटतात.

पहिली: दिशा उलटी करा. दुसऱ्या पेपरात ८० च्या वर गेलेली मुलं निवडा आणि त्यांचा पहिला पेपर पाहा. वरच्या सूत्रांत B च्या जागी C आणि C च्या जागी B टाकायचं. इथेही ८६ आणि ७५ असेच आकडे मिळतात. म्हणजे काळ उलटा चालवला तरी टोकाचे गुण सरासरीकडे येतात. हुरळून जाणं, नजर लागणं, कौतुकाने बिघडणं ही कारणं मागच्या तारखेला लागू पडणं शक्य नाही.

दुसरी: B आणि C या दोन्ही स्तंभांचं प्रमाण विचलन STDEV.S ने काढा. दोन्ही १५ च्या जवळ येतील. वरचे खाली आणि खालचे वर आले, तरी वर्ग मध्यभागी गोळा झालेला नाही. जुने टॉपर खाली आले तशी त्यांच्या जागी मधली काही मुलं वर गेली. हे लक्षात न आल्याने भलेभले फसले आहेत. १९३३ मध्ये होरेस सेक्रिस्ट या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने शेकडो व्यवसायांचे वर्षानुवर्षांचे आकडे मांडले आणि स्पर्धेमुळे सगळे धंदे मध्यम दर्जाकडे चालले आहेत, असा निष्कर्ष काढला. गणिती हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी दाखवून दिलं की, सुरुवातीच्या वर्षावरून गट पाडले की असं चित्र दिसणारच. शेवटच्या वर्षावरून गट पाडले असते, तर तेच धंदे मध्यापासून दूर जाताना दिसले असते.

स्वतःच्या वर्गाचा हिशेब

आता खरे गुण घ्या. B स्तंभात पहिल्या परीक्षेचे, C मध्ये दुसऱ्या परीक्षेचे, एका मुलाची एक ओळ. जो एका परीक्षेला गैरहजर होता त्याची ओळ काढून टाका. तिथे शून्य भरलं तर सगळा हिशेब बिघडतो. ६० मुलं असतील तर सहसंबंध असा काढायचा:

```
=CORREL(B2:B61,C2:C61)
```

इथे हमखास होणारी चूक म्हणजे फक्त वरच्या पंधरा-वीस मुलांचे गुण घेऊन सहसंबंध काढणं. वरच्या गटात तयारीतला फरक थोडा आणि रोजचा चढ-उतार मात्र तेवढाच असतो, त्यामुळे आकडा खूप लहान येतो. पूर्ण वर्ग घ्यावा, निवड नंतर करावी.

एकच परीक्षा झाली असेल, तर तिचेच दोन तुकडे करता येतात. विषम क्रमांकाच्या प्रश्नांचे गुण एका स्तंभात, सम क्रमांकाचे दुसऱ्यात, आणि त्यांचा सहसंबंध काढायचा. हा अर्ध्या पेपराचा आकडा झाला. पूर्ण पेपरासाठी त्याची दुप्पट करून, १ अधिक तोच आकडा, याने भागायचं. अर्ध्याचा ०.४७ आला तर ०.९४ भागिले १.४७, म्हणजे ०.६४. मात्र त्या दिवशीचा ताप किंवा अपुरी झोप पेपराच्या दोन्ही तुकड्यांत सारखीच उतरते, ती या पद्धतीत पकडली जात नाही. म्हणून हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा मोठा येतो आणि परतणं कमी दाखवतो.

पुढच्या गुणांचा अंदाज असा: मुलाचे गुण सरासरीपासून किती दूर आहेत ते पाहा, त्या अंतराला सहसंबंधाने गुणा आणि दुसऱ्या परीक्षेच्या सरासरीत मिळवा. ८६ वाला ५६ पासून ३० ने वर. ३० गुणिले ०.६४ म्हणजे १९.२. अंदाज ७५.२. दुसरा पेपर कठीण निघून वर्गाची सरासरी ५० वर आली, तर अंदाज ६९.२ होतो. दोन पेपरांची प्रमाण विचलनं वेगळी असतील तर तीही लक्षात घ्यावी लागतात, ते काम हे सूत्र आपोआप करतं:

```
=FORECAST.LINEAR(B2,$C$2:$C$61,$B$2:$B$61)
```

हा D स्तंभ. E मध्ये `=C2-D2`. मुलाशी बोलायला बसायचं ते E कडे बघून. ८६ वरून ७८ वर आलेला मुलगा गुणपत्रिकेवर आठने घसरलेला दिसतो, पण अंदाजापेक्षा तो जवळपास तीन गुणांनी वरच आहे. त्याला बोलणी बसणं अन्यायाचं आहे, आणि हा अन्याय घरोघर होतो. ३० वरून ३६ वर आलेल्या मुलीचं उलट आहे. सहा गुण वाढले म्हणून पाठ थोपटली जाते, पण अंदाज ३९ चा होता. तिला मदतीची गरज अजून आहे आणि ती वाढलेल्या गुणांखाली झाकली जाते.

अंदाज ७५ म्हणजे ७५ च मिळतील असं नाही. आपल्या आकड्यांत या अंदाजाभोवतीचा पसारा सुमारे ११.५ गुणांचा आहे. ०.६४ चा वर्ग १ मधून वजा करायचा, आणि जे उरतं त्याच्या वर्गमुळाने १५ ला गुणलं की तो मिळतो. ८६ वाल्यांपैकी दोन तृतीयांश जण ६४ ते ८७ मध्ये राहतील आणि सहांतला एक जण ८६ किंवा त्याहून जास्त काढेल. काळजी कधी करायची, याला साधा निकष म्हणजे दुप्पट पसारा: अंदाजापेक्षा २३ गुणांनी खाली. ८६ वरून ५० वर आलेल्या मुलाची आस्थेने चौकशी करावी. तरीही एवढी घसरण ६० च्या वर्गात एखाद-दुसऱ्याची निव्वळ योगायोगानेही होते, हे लक्षात ठेवून.

कोणाच्या सरासरीकडे?

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे. सरासरीकडे म्हणजे कायम वर्गाच्या सरासरीकडे, असा समज करून घेतला जातो. वर्गाची सरासरी वापरायची ती मुलाबद्दल दुसरं काहीच माहीत नसताना. मागचे गुण हाताशी असतील तर ते आधी घ्यावेत.

दोन मुलींना आज ८४ मिळाले आहेत. पहिलीची मागच्या पाच पेपरांची सरासरी ६२, दुसरीची ८२. सहा पेपर एकत्र केले की पहिलीची सरासरी ६५.७ होते, दुसरीची ८२.३. सहा पेपरांच्या सरासरीची विश्वासार्हता एका पेपरापेक्षा बरीच जास्त असते. ती अशी काढायची: ६ गुणिले ०.६४, भागिले १ अधिक ५ गुणिले ०.६४, म्हणजे ३.८४ भागिले ४.२, साधारण ०.९१. आता अंतराला ०.९१ ने गुणलं की पहिलीचा पुढचा अंदाज ६५ च्या आसपास येतो, दुसरीचा ८० च्या. गुण तेच ८४, पण एकीची घसरण १९ ची अपेक्षित आणि दुसरीची ४ ची. ८२ वाली मुलगी ५६ कडे घरंगळत जाणार नाही.

मात्र हे सगळं तयारी स्थिर आहे असं धरून. पहिल्या मुलीने मधल्या दोन महिन्यांत खरोखर नेटाने अभ्यास केला असेल, तर जुने पाच पेपर तिच्यावर अन्याय करतील. ते एका ८४ वरून ठरत नाही. पुढचे दोन पेपर ७५ च्या वर राहिले तर जुने गुण बाजूला ठेवावेत.

या परतण्याला पहिल्यांदा नाव मिळालं तेही अशाच हिशेबातून. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ प्रौढ मुलं यांच्या उंचीचे आकडे मांडले. आई-वडिलांच्या उंचीची सरासरी सगळ्यांच्या सरासरीपेक्षा जेवढी जास्त, त्याच्या साधारण दोन तृतीयांशच मुलांची जास्त असते, असं त्यांना दिसलं. आपल्या सूत्रातला ०.६४ तेच काम करतो.

जादा तासांचा उपयोग झाला का, हे कसं कळेल

आता तळाच्या दहा मुलांकडे येऊ. ६० पैकी तळाच्या दहांची सरासरी आपल्या आकड्यांत ३३.५ च्या आसपास येते, आणि काहीही न करता दुसऱ्या परीक्षेत ती ४१.६ होते. हे आठ गुण जादा तासांच्या खात्यात जमा झाले, की कुचकामी पद्धतही यशस्वी वाटते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांना इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांमध्ये हेच आढळलं. कौतुक केलं की पुढचं उड्डाण बिघडतं, झापलं की सुधारतं, हे प्रशिक्षकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. निरीक्षण बरोबर होतं. पण उत्तम उड्डाणानंतर साधारण आणि वाईट उड्डाणानंतर बरं येणारच होतं.

हा आठ गुणांचा भास टाळायचे दोन मार्ग शाळेत किंवा क्लासमध्ये सहज जमतात.

सोपा मार्ग असा की निवड एका परीक्षेवर आणि सुरुवातीची मोजणी दुसऱ्या परीक्षेवर. पहिल्या परीक्षेवरून तळाची दहा मुलं ठरवा, पण लगेच तास सुरू करू नका. दुसरा पेपर होऊ द्या, त्यातली त्यांची सरासरी, म्हणजे साधारण ४१-४२, ही सुरुवात धरा. मग तास घ्या आणि तिसऱ्या पेपराशी तुलना करा. परतणं पहिल्या-दुसऱ्याच्या मध्येच होऊन गेलेलं असतं. तेवढं थांबणं शक्य नसेल तर निवड तरी आधीच्या तीन पेपरांच्या सरासरीवर करावी. मग आपोआप होणारी वाढ आठवरून तीन गुणांच्या आसपास येते, आणि चुकून त्या दिवशी आजारी असलेलं मूलही यादीत येत नाही.

जास्त भक्कम मार्ग म्हणजे तळाची वीस मुलं घेऊन चिठ्ठ्या टाकणं. दहा जणांचे तास आत्ता, उरलेल्या दहांचे पुढच्या महिन्यात. पुढच्या परीक्षेत दोन्ही गट सरासरीकडे सारखेच परततात, त्यामुळे त्यांच्यातला फरक हा तासांचा. चिठ्ठ्याच टाकाव्यात. जास्त गरजू वाटणारी मुलं आधी घेतली, की तोच गोंधळ मागच्या दाराने परत येतो, कारण गरजू वाटणं हेही बहुधा शेवटच्या वाईट पेपरावरूनच ठरलेलं असतं.

दहा-दहांच्या गटांतून किती बारीक फरक कळेल, याची मर्यादा आधी माहीत असावी. एका मुलाचा पसारा ११.५, तर दहांच्या सरासरीचा ३.६ आणि दोन गटांमधल्या फरकाचा सुमारे ५. म्हणजे फरक १० गुणांहून कमी असेल तर तो योगायोगही असू शकतो. एकाच वर्गाच्या एका परीक्षेवरून चार-पाच गुणांचा फायदा सिद्ध होणार नाही. त्यासाठी तीन-चार तुकड्यांत हीच रचना करून आकडे एकत्र करावेत, किंवा तीच दोन गटांची तुलना दोन-तीन पेपरांच्या सरासरीवर करावी. दुसऱ्या गटाचे तास तोवर पुढे ढकलावे लागतील, ते पालकांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं बरं.